उद्या पाऊस आला तर ‘विल’ कुठं लिहायचं?

*सर, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस सांभाळते. आमच्या कापसाच्या गाठी तामिळनाडूतल्या एका सूतगिरणीला जातात, त्यामुळं ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात. परवा लिहिलं, ‘इफ इट विल रेन टुनाइट, वी विल नॉट लोड द ट्रक टुमॉरो.’ बहिणीचा मुलगा दहावीत आहे. तो म्हणे, मावशी, एका वाक्यात दोन विल चालत नाहीत, ‘इफ इट रेन्स’ लिही. पण पाऊस तर पुढं येणार आहे, मग वर्तमानकाळ काऊन? आणि त्याच्याच वहीत ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ असं वाक्य होतं, त्यावर बाईंची बरोबरची खूण! मग खरं काय समजायचं? पूर्ण ईमेल सोबत पाठवते, दुरुस्त करून द्याल का?*
*— एक वाचक, जि. यवतमाळ*

ताई, भाच्यानं उत्तर बरोबर दिलं, कारण चुकीचं दिलं. ‘इफ इट रेन्स’ हेच बरोबर आहे. पण ‘एका वाक्यात दोन विल चालत नाहीत’ असा नियम इंग्रजीत कुठंच नाही. त्या नियमानं चाललात तर तुमच्या ईमेलमधलं एक अगदी नीट लिहिलेलं वाक्य तुम्ही स्वतःच बिघडवाल. वहीतल्या वाक्यावर बाईंनी केलेली खूणही बरोबरच आहे.

आधी तुमचा ‘काऊन’ घेऊ. गाठी भरायच्या आदल्या संध्याकाळी आभाळ दाटून आलं आणि ट्रकवाल्यानं विचारलं, तर तुम्ही त्याला काय म्हणता? ‘पानी आला त गाडी भरनार नाही.’ पाणी अजून आलेलं नाही, रात्री येईल किंवा येणारही नाही. तरी तुम्ही ‘आला’ म्हणता, आणि ट्रकवाला काही ‘कवा आला?’ म्हणून विचारत नाही. भविष्यकाळ सगळा ‘भरनार नाही’ या दुसऱ्या तुकड्यात आहे. पहिल्या तुकड्यात तुम्ही पावसाचा अंदाज सांगतच नाही, पाऊस आला असं क्षणभर धरून चालता आणि त्यावर पुढचं बोलता. ‘विल’चं मुख्य काम म्हणजे पुढं काय होणार ते सांगणं. जिथं काही सांगायचंच नाही, नुसतं धरून चालायचं आहे, तिथं इंग्रजी ‘विल’ काढून घेते आणि क्रियापद साध्या वर्तमानकाळात ठेवते. आपण त्या जागी भूतकाळी रूप ठेवतो, ते वर्तमानकाळी ठेवतात. अशा वाक्यात त्या जागी भविष्यकाळाची गरज नाही, हे दोन्ही भाषांत सारखंच आहे.

मग चूक येते कुठून? माझ्या मते आपल्याकडं ती बरीचशी हिंदीतून येते. नागपूर-अमरावती-यवतमाळ पट्ट्यात बाजारात, जिनिंगवर, ट्रकवाल्याशी दिवसभर हिंदी चालते, आणि हिंदीत ‘बारिश होगी तो गाडी नहीं भरेंगे’ हे सरळ बोललं जातं. दोन्ही तुकड्यांत भविष्यकाळ. तेच डोक्यात घेऊन आपण इंग्रजी लिहायला बसलो की ‘होगी’च्या जागी ‘विल’ येऊन बसतं. मराठीतही ‘तू येशील तर मी येईन’ असं आपण बोलतोच, त्यामुळं कानाला ते खटकत नाही.

म्हणून नियम पाठ करण्याऐवजी एक पडताळणी करत जा. इंग्रजीत इफ लिहायची वेळ आली की तो तुकडा मराठीत ‘आला’, ‘गेला’, ‘झाला’, ‘असला’ अशा रूपात म्हणून बघा. अर्थ न बदलता म्हणता आला, तर इंग्रजीत ‘विल’ लिहू नका. म्हणताना अर्थच बदलला, तर ‘विल’ राहू द्या.

आता ही पडताळणी वहीतल्या वाक्याला लावू. ‘तो येईल की नाही, मला माहीत नाही.’ याचं ‘तो आला की नाही, मला माहीत नाही’ केलं की गोष्टच वेगळी झाली. पहिल्यात पुढं येण्याबद्दल शंका आहे, दुसऱ्यात येऊन गेला का याची चौकशी आहे. अर्थ बदलला, म्हणून ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हेच बरोबर. इथला इफ ‘जर’ नाहीच, तो ‘की नाही’ आहे. त्याच्या जागी ‘व्हेदर’ हा शब्द ठेवला तरी वाक्य उभं राहतं. ‘व्हेदर’ ठेवता येतो तिथं भविष्याची गोष्ट असेल तर ‘विल’ बिनधास्त लिहा. तुमच्या वाक्यात ‘व्हेदर इट रेन्स टुनाइट, वी विल नॉट लोड’ असं करून बघा, अर्थच लागत नाही. म्हणजे तो इफ ‘जर’चा आहे.

ही चूक उलट्या बाजूनंही होते, आणि ती मला जास्त दिसते. इफनंतर विल नाही एवढं एकदा डोक्यात बसलं की मुलं ‘आय डोन्ट नो इफ इट रेन्स टुमॉरो’ लिहून मोकळी होतात. उद्या पाऊस येईल की नाही हे विचारायचं असेल तर तिथं ‘विल’ हवंच. बँकेच्या नि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना ‘वाक्यातली चूक शोधा’ हा प्रश्न येतो. इफ आणि विल शेजारी दिसले की वाक्य न वाचता तिथंच खूण करायची, अशी सवय त्यांना क्लासमध्ये लागते. ‘की नाही’चं वाक्य आलं की ती तिथं हमखास फसतात.

आता तुमचा ईमेल. तपासण्यासारखी पाच वाक्यं आहेत, एकेक करून बघू.

पहिलं तर पावसाचंच. ‘पाऊस आला तर’ सहज म्हणता येतं, म्हणून ‘इफ इट रेन्स टुनाइट, वी विल नॉट लोड द ट्रक टुमॉरो.’ रेनच्या शेवटचा ‘स’ मात्र विसरू नका. विल होतं तोवर क्रियापदाला काहीच लागत नव्हतं. विल काढलं की इट, ही, शी किंवा द ट्रक यांच्या मागं तो ‘स’ परत येतो. विल काढायला शिकलेल्या दहा पोरांपैकी बरीच ‘इफ इट रेन’वर येऊन थांबतात. नकारात हीच अडचण जरा वेगळ्या तोंडानं येते. ‘पाऊस नाही आला तर’ याचं ‘इफ इट विल नॉट रेन’ चूक, आणि त्यातलं फक्त विल खोडून उरलेलं ‘इफ इट नॉट रेन’ही चूक. तिथं ‘डज नॉट’ येतं, ‘इफ इट डज नॉट रेन’. तो ‘स’ डजमध्ये गेला, म्हणून रेनला पुन्हा लागत नाही.

इथंच आणखी एक धोका सांगून ठेवतो, कारण मीच तुम्हाला ‘आला’ म्हणून बघायला सांगितलं. मराठीत भूतकाळी रूप दिसलं म्हणून इंग्रजीतही भूतकाळ लिहू नका. ‘इफ इट रेन्ड टुनाइट, वी विल नॉट लोड’ हे जुळत नाही. ‘इफ इट रेन्ड, वी वुड नॉट लोड’ हे इंग्रजी बरोबर आहे, पण त्यातून पाऊस येण्याची फारशी शक्यता तुम्हाला वाटत नाही असं वाचणाऱ्याला कळतं. आभाळ भरून आलेलं असताना गिरणीला तसं कळवलं, तर तिकडं कोणी तुमच्या इशाऱ्याकडं लक्ष देणार नाही. पडताळणी मराठीत करा, क्रियापद मात्र साध्या वर्तमानकाळातच लिहा.

दुसरं वाक्य ओलाव्याचं. तुम्ही लिहिलं, ‘इफ द मॉइश्चर विल बी मोअर दॅन १२ पर्सेंट, वी विल ड्राय द कॉटन बिफोर जिनिंग.’ या वाक्यावर मी जरा थांबलो. पावसाचं वाक्य पाठ करून दुरुस्त करणाऱ्याच्याही हातून हे वाक्य चुकतं, आणि त्याला कारण आपलं ‘असेल’ आहे. ‘ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर’ असं सगळा विदर्भ बोलतो. सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर तर हे वाक्य दिवसभर कानावर पडतं, कारण तिथं ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव उतरतो आणि १२च्या वर गेला की माल परत येतो. ‘असेल’ दिसायला भविष्यकाळ आहे, म्हणून हात आपोआप ‘विल बी’ लिहून जातो. पण हे ‘असेल’ उद्याचं नाही. कापूस आत्ता ओला असेल, अशी ती शक्यता आहे. पडताळून बघा. ‘ओलावा १२च्या वर असला तर.’ अर्थ तोच राहिला, म्हणून विल जाणार. ‘इफ द मॉइश्चर इज मोअर दॅन १२ पर्सेंट, वी विल ड्राय द कॉटन बिफोर जिनिंग.’ ‘वेळ असेल तर’, ‘माल तयार असेल तर’, ‘काही अडचण असेल तर’ हे सगळे याच घरातले. इंग्रजीत सगळीकडं ‘इज’, ‘आर’ किंवा ‘हॅव’, ‘विल बी’ कुठंच नाही. ‘इफ यू विल हॅव एनी प्रॉब्लेम, प्लीज कॉल मी’ हे वाक्य आपल्याकडच्या ऑफिसांतून रोज जातं. ते ‘इफ यू हॅव एनी प्रॉब्लेम’ असं हवं.

याच शेवटच्या वाक्यात आणखी एक गोष्ट दिसते. इफच्या जोडीला दुसऱ्या तुकड्यात विलच हवं असं काही नाही. तिथं ‘कॅन’ येईल, ‘मे’ येईल, नुसता हुकूमही येईल. ‘इफ इट रेन्स, कव्हर द बेल्स.’ पाऊस आला तर गाठींवर ताडपत्री टाका. आणि नेहमीच घडणारी गोष्ट सांगायची असली की दोन्हीकडं वर्तमानकाळच येतो. ‘इफ इट रेन्स ऑन ओपन बोल्स, द कॉटन टर्न्स यलो.’ फुटलेल्या बोंडावर पाणी पडलं की कापूस पिवळा पडतो. हे आजचं नाही की उद्याचं नाही, दरवर्षीचं आहे.

तिसऱ्या वाक्यात इफ नाहीच, व्हेन आहे. ‘व्हेन द ट्रक विल लीव्ह, आय विल सेंड यू द नंबर.’ ट्रक निघाला की नंबर पाठवते. पुन्हा ‘निघाला’ आलंच. म्हणून ‘व्हेन द ट्रक लीव्ह्ज’. व्हेन, ॲज सून ॲज, अंटिल, बिफोर, आफ्टर, अनलेस या सगळ्यांच्या मागं पुढची गोष्ट आली तरी वर्तमानकाळच येतो. व्हेनही कधी प्रश्नाचा असतो. ‘आय डोन्ट नो व्हेन द ट्रक विल लीव्ह.’ ट्रक केव्हा निघेल माहीत नाही. तिथं ‘निघाला’ म्हटलं तर अर्थ फिरतो, म्हणून विल राहतं. अनलेस तुम्ही अजून वापरत नाही, पुढं वापराल तर एक लक्षात ठेवा. नकार त्याच्या पोटातच आहे. ‘अनलेस इट रेन्स’ म्हणजेच ‘पाऊस आला नाही तर’, त्यात वेगळं ‘नॉट’ घालू नका.

चौथं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. ‘आय विल लेट यू नो बाय एट पी.एम. इफ द ट्रक विल लीव्ह टुनाइट.’ भाच्याच्या नियमानं इथंही विल दोनदा आलं म्हणून कात्री लागली असती. आता दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघा. ‘आय विल लेट यू नो इफ द ट्रक लीव्ह्ज टुनाइट’ म्हणजे ट्रक निघाला तर कळवीन. नाही निघाला तर कळवणार नाही, माझा फोन आला नाही म्हणजे ट्रक निघालेला नाही असं समजा. ‘इफ द ट्रक विल लीव्ह टुनाइट’ म्हणजे निघेल की नाही ते कळवीन, काहीही झालं तरी माझा निरोप येईल. गिरणीतल्या माणसाला गाठी उतरवायला हमाल ठरवायचे की नाही, हे याच एका शब्दावर अवलंबून आहे. तुम्हाला काय म्हणायचं होतं हे पुढच्याच ओळीवरून दिसतं, तुम्ही ‘आयदर वे’ कळवीन असं लिहिलं आहे. म्हणून इथलं विल ठेवा. फक्त समोरच्यानं चुकीचं वाचू नये म्हणून इफ काढून सरळ ‘व्हेदर द ट्रक विल लीव्ह टुनाइट’ लिहा. व्यवहाराच्या पत्रात ‘की नाही’साठी नेहमी व्हेदरच लिहायचं, असं माझं मत आहे. इफनं चूक होत नाही, पण दोन अर्थ निघायला वाव राहतो.

पाचवं वाक्य ॲडव्हान्सचं. ‘इफ यू विल काइंडली सेंड द ॲडव्हान्स बाय मंडे, वी विल बुक द ट्रक.’ हे तुम्ही कुठल्या तरी जुन्या पत्रातून उचललेलं दिसतं, कारण बाकीच्या ईमेलपेक्षा याची चाल वेगळी आहे. आणि ते चूक नाही. विल या शब्दाचा जुना अर्थ इच्छा असणं, राजी असणं असा आहे. मृत्युपत्राला विल म्हणतात ते त्याच इच्छेतून आलेलं. इफनंतरचं विल जेव्हा तो अर्थ सांगतं, म्हणजे ‘आपण पाठवण्याची कृपा कराल तर’, तेव्हा ते चालतं. अशा विनंतीच्या वाक्यात मराठीही ‘कराल तर’, ‘थांबाल तर’ अशी भविष्यकाळी रूपं आदरानं वापरते. इथं पडताळणी जरा डगमगते हे कबूल. ‘पाठवलं तर’ म्हणता येतं, पण मग विनंती जाऊन अट उरते. यावरून हेही लक्षात येईल की असं विल फक्त माणसाच्या मागं येऊ शकतं. पाऊस, ओलावा, ट्रक यांना इच्छा नसते, म्हणून ‘इफ इट विल रेन’ला या वाटेनं सुटका नाही. तुम्ही ते वाक्य तसंच ठेवा. गिरणीकडं पैसे थकले आणि कडक लिहायची वेळ आली, तर मात्र ‘विल काइंडली’ काढून ‘इफ यू डू नॉट सेंड’ लिहा. विनंतीच्या सुरात दिलेली ताकीद वाचताना कुणालाच ताकीद वाटत नाही.

एक शंका तुम्ही विचारली नाही, पण पावसाळी ऑफिसात ती पडणारच. आभाळ बघून तुम्ही म्हणता, ‘पानी येनार असन त गाठी आताच आत घ्या.’ इथं ‘पानी आला त’ म्हणून चालत नाही, कारण पाणी येऊन गेल्यावर गाठी आत घेऊन उपयोग काय? काम पावसाच्या आधी करायचं आहे. पाऊस झाल्यानंतरची ही अट नाही, आत्ताच्या लक्षणांची आहे. अशा वेळी इंग्रजीतही ‘इफ इट रेन्स’ बसत नाही, आणि ‘इफ इट विल रेन’ लिहायचीही गरज नाही. ‘इफ इट इज गोइंग टु रेन, लेट अस टेक द बेल्स इन नाऊ’ असं लिहा. ‘येणार असेल’ला ‘इज गोइंग टु’ नेमकं बसतं. त्यातही क्रियापद ‘इज’, म्हणजे वर्तमानकाळच. आधी पाऊस आणि मग काम, तर ‘रेन्स’. आधी काम आणि मग पाऊस, तर ‘इज गोइंग टु रेन’.

आणि हो, स्वल्पविराम. तुमच्या पहिल्या वाक्यात तो बरोबर जागी आहे, कारण इफचा तुकडा आधी आला आहे. तोच तुकडा मागं नेला, ‘वी विल नॉट लोड द ट्रक टुमॉरो इफ इट रेन्स टुनाइट’, की स्वल्पविराम जातो. विलची जागा मात्र त्यानं बदलत नाही, ते लोडजवळच राहतं. भाच्याला हे वाक्य उलटसुलट करून लिहायला द्या आणि त्याच्याकडून ‘पाऊस येईल की नाही, सांगता येत नाही’ याचंही इंग्रजी करून घ्या. त्यानं दुसऱ्यात विल खोडलं तर त्याला ‘पाऊस आला की नाही’ म्हणून दाखवा.